मदत हवी आहे: स्पॉट बिटकॉइन ईटीएफ मागे पडतोय, नेमका कशामुळे?

माझ्याकडे थोडे बिटकॉइन स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये आहेत आणि थोडे पैसे अमेरिकेतल्या स्पॉट ईटीएफमध्ये. दोन्हींचा परतावा जुळत नाही.

फी वर्षाला 0.25% आहे. ती वेगळी भरावी लागत नाही, फंडातूनच वळती होते, त्यामुळे प्रत्येक युनिटमागचं बिटकॉइन हळूहळू घटतं. आज 1 बिटकॉइनइतकी युनिट्स असतील, तर 10 वर्षांनी त्यांच्यामागे साधारण 0.975 उरेल. वॉलेटमधलं 1 मात्र 1च राहतं (सीड फ्रेज हरवली नाही तर!). इथवर समजलं.

पण फरक फीपेक्षा जास्त दिसतोय. मी शुक्रवारचा ईटीएफचा बंद भाव आणि रविवारी रात्रीचा बिटकॉइनचा भाव ताडून पाहिला. शेअर बाजार शनिवार-रविवार बंद असतो, ही चूक नंतर लक्षात आली. आता दोन्ही भाव बाजार बंद होतानाचेच घेतो, तरी रोज थोडी तफावत राहतेच, कधी वर, कधी खाली.

युनिट्स देऊन नाणी मिळत नाहीत हे माहीत आहे. कर आणि ब्रोकरेज हिशोबात धरलेलं नाही. ही उरलेली तफावत एनएव्हीवरचा प्रीमियम-डिस्काउंट आहे की एनएव्हीसाठी वापरलेल्या निर्देशांकाचा भाव माझ्या एक्स्चेंजपेक्षा वेगळा आहे, हे कसं वेगळं काढायचं?