२२० वॉट आले, पण एफटीपी २२० नाही
> सायकलवर २० मिनिटांच्या टेस्टमध्ये सरासरी २२० वॉट आले. एफटीपी तेवढाच धरू का? २०० किमीच्या ब्रेव्हे राईडला किती वॉट ठेवू?

नाही, एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकणारी ताकद, म्हणून ९५ टक्के धरा, म्हणजे २०९. तेही टेस्टआधी पाच मिनिटं जीव तोडून मारली असतील तर; ताज्या पायांनी केली असेल तर २०९ही फुगलेलाच. आलेख बघा. सुरुवातीला २५० आणि शेवटी १९० दिसत असेल, तर आधीच जोर संपवलात, टेस्ट पुन्हा करा.

ब्रेव्हेला झोन दोन, एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्के, म्हणजे ११७ ते १५७ वॉट. सपाटीला १४०च्या आसपास राहा. खंबाटकी घाटात आकडा चढणारच, पण गिअर हलका करून २०९च्या खाली ठेवा. (मी एकदा तिथे मस्ती केली, शेवटचे चाळीस किमी रडत काढले.)