अहवालात 'रीच'ला 'पोच' म्हणावं का?

निळीशाई
छोट्या व्यावसायिकांची सोशल मीडिया खाती सांभाळते. महिन्याचा अहवाल मराठीत द्यायचा असतो. इन्स्टाग्रामवरच्या `Accounts reached` साठी 'पोच' लिहिलं, तर मालकांचा प्रश्न आला, "कसली पोच? सही कुणी केली?" सरळ 'रीच' लिहू की दुसरा शब्द आहे? आणि `Views` ला काय म्हणायचं?

काना_मात्रा
पोचणे आणि पोहोचणे ही दोन्ही रूपं चालतात, त्यामुळे 'पोच' चूक नाही. पण एका लेखनात एकच रूप ठेवावं. पावती या अर्थी मात्र 'पोच'च रूढ आहे, 'पोहोचपावती' त्यामानाने कमी दिसतं.

निळीशाई
रूपाबद्दल नाही हो, अर्थाबद्दल विचारतेय. वाचणाऱ्याला काय कळेल, ते.

आकडेमोड
'पोच' म्हटलं की मिळाल्याची कबुली आली, म्हणून मालक गोंधळले. 'पोहोच' घेतलात तर "त्यांची पोहोच वरपर्यंत आहे" हा अर्थ आडवा येतो. नाम शोधण्यापेक्षा क्रियापद वापरा. आपल्याकडे 'दिसणे' आणि 'पाहणे' ही सोय आहेच. दिसायला काही करावं लागत नाही, पाहायला लक्ष द्यावं लागतं. ॲप मोजतं ते दिसणं. बोटाने वर सरकवताना पोस्ट पडद्यावर येऊन गेली तरी ती मोजली जाऊ शकते.

म्हणून `Accounts reached` म्हणजे 'किती जणांना दिसलं' आणि `Views` म्हणजे 'किती वेळा दिसलं'. व्ह्यूजचं भाषांतर 'किती जणांनी पाहिलं' असं केलंत, तर एका वाक्यात दोन चुका होतात. तो आकडा माणसांचा नाही, आणि पाहिल्याचाही नाही. एकाच माणसाने रील तीनदा चालवली तर तिथे तीन धरले जातात.

काना_मात्रा
मग 'जणांना' तरी कसं? ॲप खाती मोजतं. एकाची दोन खाती असली तर?

आकडेमोड
बरोबर. काटेकोर शब्द 'खात्यांना' हाच. पण दुकानदार 'खातं' म्हटल्यावर उधारीच्या वहीकडे बघतो. मी 'जणांना' लिहून खाली एक ओळ टाकेन.

दुपारचा_चहा
शब्द कुठलाही घ्या, आकडा काढणं सोपं आहे. दर सोमवारी आठवड्याचा रीच वहीत लिहायचा आणि महिनाअखेरीला चारही मिळवायचे. ॲपमधून जुनं काही शोधत बसावं लागत नाही.

आकडेमोड
दर आठवड्याला नोंद करायची सवय चांगली, पण बेरीज चुकीची. 'किती वेळा'ची बेरीज होते, 'किती जणां'ची होत नाही. समजा फोटो फ्रेम करून देणाऱ्या व्यवसायाचे चार आठवड्यांचे आकडे १,२००, १,३५०, १,१०० आणि १,२५० आहेत. बेरीज ४,९०० येते. ॲपमध्ये तेच २८ दिवस एकदम निवडले तर २,३०० दिसतात. चारही आठवडे पोस्ट दिसलेला माणूस तुमच्या वहीत चार वेळा आला, ॲपने त्याला एकदाच धरलं. खरा आकडा सर्वांत मोठ्या आठवड्याहून, म्हणजे १,३५० हून, कमी नसतो आणि ४,९०० च्या वर जात नाही. त्या दोहोंमध्ये नेमका कुठे, हे वहीवरून कळत नाही. तारखा निवडूनच तो घ्यावा लागतो.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामचा रीच एकत्र करतानाही हीच गफलत होते. दोन्हीकडे असणारे लोक दुप्पट होतात. दोन ओळी वेगळ्याच ठेवा.

दुपारचा_चहा
म्हणजे बरेच अहवाल फुगलेले गेले म्हणायचे. पण दर महिन्याला एकाच पद्धतीने फुगवलं तर तुलना तरी खरी राहील ना?

आकडेमोड
नाही राहत. एका महिन्यात तेच लोक पुन्हा पुन्हा येतात, दुसऱ्यात नवे येतात. पहिल्यात फुगवटा जास्त, दुसऱ्यात कमी. म्हणजे नवे लोक मिळाले त्याच महिन्यात तुमची बेरीज पडलेली दिसू शकते. शिवाय फेब्रुवारीची तुलना ३१ दिवसांच्या महिन्याशी होते, ते निराळंच. दोन्हीकडे २८ दिवस घ्या.

खडूफळा
माझ्याकडे भांडण 'एंगेजमेंट रेट'वरून आहे. आधीचा माणूस २० टक्के दाखवायचा, माझे ८ येतात. मालकांना वाटतं मी काम बिघडवलं. याला 'प्रतिसादाचं प्रमाण' म्हटलं तर समजेल का?

आकडेमोड
'प्रमाण' शब्द चांगला आहे, पण कशाशी प्रमाण, ते त्यातच यायला हवं. वरचंच उदाहरण घ्या. लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर मिळून १८४ आणि फॉलोअर ९२० असतील, तर १८४ ला ९२० ने भागून २० टक्के येतात. दिसलेल्या २,३०० ने भागलं तर ८ टक्के. काम एकच, छेद निराळा. आधीच्या अहवालात छेद कोणता होता ते बघा आणि तुमचेही मागचे तीन महिने त्याच छेदाने काढून शेजारी ठेवा. शीर्षक लिहा 'दिसलेल्या शंभर जणांमागे प्रतिसाद'. अगदी काटेकोर बघितलं तर तेही 'प्रतिसाद देणारे' नव्हेत, कारण एकच माणूस लाइकही करतो आणि सेव्हही.

निळीशाई
पण खरं सांगायचं तर मालकांना यातलं काही नकोच असतं. "गिऱ्हाइकं किती आली?" एवढंच विचारतात.

आकडेमोड
मग पहिल्या पानावर तेच हवं, बाकी सगळं मागे. त्यासाठी शब्द 'चौकशी', पण आधी मालकांशी बसून त्याची व्याख्या ठरवा. इनबॉक्समध्ये १७ जणांचे मेसेज आले म्हणजे १७ चौकश्या नव्हेत. त्यात ३ जण जुनी ऑर्डर कुठवर आली विचारणारे आणि २ आपलाच माल विकायला आलेले असतील, तर उरल्या १२. त्यातून ५ ऑर्डरी झाल्या, तर '१२ चौकश्या, ५ ऑर्डरी' एवढी एक ओळ पुरते.

कॉलच्या बटणाचं मात्र सांभाळा. ॲप टॅप मोजतं, फोन लागला की नाही हे त्याला कळत नाही. तो आकडा 'फोन आले' म्हणून देऊ नका, 'फोनचं बटण दाबलं' असं लिहा. आणि थेट दुकानात येणारे ॲपला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी मालकांच्या ऑर्डरवहीत 'कुठून कळलं?' असा एक रकाना लागतो. तो ते भरत नसतील तर अहवालात तशी नोंद करा, अंदाज भरू नका.

काना_मात्रा
'चौकशी'त पोलीसखातं डोकावतं. "त्याची चौकशी लागली" म्हटलं की माणूस दचकतो. 'विचारणा' बरं नाही का?

दुपारचा_चहा
काउंटरवर कुणी 'विचारणा झाली' म्हणत नाही हो. "चौकशी करून गेले" असंच म्हणतात.

खडूफळा
'लीड' काय वाईट आहे?

आकडेमोड
तुम्हा-आम्हाला नाही, मालकांना विचारा. काहींच्या मते नुसता फोन नंबर मिळाला तरी लीड, काहींच्या मते आगाऊ रक्कम देईपर्यंत नाही.

निळीशाई
'चौकशी' ठेवते. आणखी एक. चौकशी २८ तारखेला आणि ऑर्डर पुढच्या महिन्यात आली, तर ती कुठे धरायची?

आकडेमोड
चौकशीच्या महिन्यात. त्या १२ पैकी किती वळल्या हे तेव्हाच कळतं. मागच्या महिन्याची ओळ पुढच्या अहवालात सुधारून पुन्हा छापायची.

दुपारचा_चहा
नको. पैसे ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात धरा. नाहीतर मालकांच्या गल्ल्याशी तुमचा आकडा कधीच जुळणार नाही, आणि एकदा छापलेला आकडा बदलला की पुढचा प्रत्येक आकडा ते दोनदा तपासतील.