त्रिएस्तेत कॉफी मागताना: कापो, नेरो आणि काउंटरवरची रीत (अनुभव धागा)

मुक्ता

त्रिएस्तेला आयसीटीपी आणि सिस्सा या दोन संस्थांमुळे दरवर्षी आपल्याकडचे विद्यार्थी येतात. त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. इटलीत कॉफी कशी मागायची हे आधी वाचून येणाऱ्यांचीही या शहरात पंचाईत होते, कारण इथली कॉफीची नावं बाकीच्या इटलीपेक्षा वेगळी आहेत. तुम्ही इथे राहिला असाल, नुसते फिरून गेला असाल, तर काय मागितलं आणि काय मिळालं ते लिहा.

सुरुवात मी करते. इथे साधी एस्प्रेसो म्हणजे ‘नेरो’. छोट्या कपात तळाशी जेमतेम २५-३० मिलिलिटर. त्याच छोट्या कपात वर थोडं फेसाळ दूध घातलं की ‘कापो’. बाकी इटलीत याला माक्कियातो म्हणतात. हेच कपाऐवजी काचेच्या छोट्या ग्लासात हवं असेल तर ‘कापो इन बी’. यातला ‘बी’ म्हणजे बिक्कियेरे, ग्लास. नेरोही ग्लासात मिळते, ती ‘नेरो इन बी’. कॅफिन नको असेल तर ‘देका’ जोडायचं. नेरोच्या मधोमध फेसाचा नुसता ठिपका हवा असेल तर ‘गोच्चा’.

खरी गडबड होते ती कापुचिनोची. इथल्या जुन्या वळणाच्या बारमध्ये कापुचिनो मागितलीत तर बऱ्याचदा समोर कापोच येते, म्हणजे दोन-तीन घोटांत संपणारी. मोठ्या कपातली, भरपूर दुधाची, आपण जिला कापुचिनो म्हणतो ती हवी असेल तर ‘काफेलात्ते’ मागा. पर्यटकांची वर्दळ असलेल्या चौकात ते तुमच्याकडे बघूनच मोठा कप देतात, त्यामुळे दोन ठिकाणी दोन अनुभव येतील. शंका असेल तर हाताने कपाचा आकार दाखवा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

आकार विचारत बसू नका. लहान, मध्यम, मोठा अशी पाटी इथल्या बारमध्ये नसते. पेयाच्या नावातच त्याचा आकार आला.

भटका केदार

मी त्रिएस्तेला फक्त एक रात्र होतो, पण इटली बरीच फिरलो आहे. एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवा: सकाळी अकरानंतर कापुचिनो मागायची नाही, देत नाहीत. आणि पैसे नेहमी आधी भरायचे. गल्ल्यावर पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची, मग कॉफी. रोम, मिलान, सगळीकडे मी असंच केलं आणि कुठेही अडलं नाही. टेबलावर बसलात की भाव वाढतो, हेही बऱ्याच ठिकाणी.

श्रीरंग

केदार, टेबलाचं अगदी बरोबर. बाकी दोन गोष्टींत थोडी भर घालतो. मी इथे बरीच वर्षं राहतो.

अकरानंतर कापुचिनो देत नाहीत असं नाही. जेवणानंतर इथले लोक स्वतः दुधाची मोठी कॉफी घेत नाहीत, कारण त्यांना ती पोटाला जड वाटते. तुम्ही दुपारी तीनला मागा, मिळेल. कापो मात्र दिवसभर चालते, तिच्यात दूध नावापुरतंच असतं.

पैसे आधी की नंतर, हे बारवर अवलंबून. स्टेशनवर आणि हायवेवरच्या मोठ्या बारमध्ये आधी. शहरातल्या गल्लीतल्या बारमध्ये बहुतेक वेळा आधी प्यायची, मग गल्ल्यावर जाऊन काय घेतलं ते सांगायचं. ओळखायची खूण सोपी आहे. आत शिरल्यावर क्षणभर काउंटरकडे बघा. लोकांच्या कपांशेजारी छोट्या पावत्या पडल्या असतील, त्यांना बरिस्ताने किंचित फाडून खूण केली असेल, तर तिथे पैसे आधी. नुसते कप दिसले तर सरळ काउंटरला जा.

परवाचंच सांगतो. आमच्या विभागात नवीन आलेल्या चौघांना घेऊन स्टेशनजवळच्या बारमध्ये गेलो. सकाळचे साडेआठ, काउंटरला दोन रांगा. काउंटरवर पावत्या दिसल्या, म्हणून आधी गल्ल्यावर गेलो. मी आधीच चौघांना विचारून ठेवलं होतं: दोघांना काळी, एकीला थोडं दूध, एकाला मोठा कप. माझी ग्लासातली देका. गल्ल्यावर म्हटलं, ‘दुए नेरी, उन कापो, उन काफेलात्ते, उन कापो देका इन बी.’ एकच पावती मिळाली. ती काउंटरवर ठेवून बरिस्ताशी नजरानजर होईपर्यंत थांबलो आणि तीच यादी पुन्हा म्हटली. हे पुन्हा म्हणणं महत्त्वाचं, कारण गर्दीत तो पावती वाचत बसत नाही, कानाने काम करतो. त्याने आधी पाच बश्या आणि चमचे मांडले. कुठल्या बशीवर काय येणार हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. दोन मिनिटांत पाचही पेयं समोर. मोठा कप मागणाऱ्याला रांगेपासून दूर निवांत पिता यावं म्हणून तो टेबलाकडे निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. काउंटरच्या भावाची पावती घेऊन टेबलावर बसायचं नसतं. भावफलक भिंतीवर असतो, त्यावर बांको आणि ताव्होलो असे दोन रकाने दिसतील. पहिला काउंटरचा, दुसरा टेबलाचा.

कार्डाचं म्हणाल तर ३० जून २०२२ पासून कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड आहे, त्यामुळे एका नेरोसाठीही कार्ड चालतं. तरी मी खिशात सुटी नाणी ठेवतो. रांग लवकर सरकते.

सुलभा

मी विद्यार्थी नाही, लेकाकडे राहून आले. रस्त्यात जिथे तिथे ‘बार’ अशी पाटी बघून पहिल्या दिवशी मी आत जायलाच तयार नव्हते. आत शाळकरी मुलं आणि आजीबाई सकाळची कॉफी घेत उभ्या होत्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मला कॉफी वाफाळती लागते. इथली दुधाची कॉफी हाताला कोमटच लागायची, आणि मला वाटायचं दूध नीट तापवलेलं नाही. लेकाने सांगितलं की ते मुद्दामच दूध ६०-६५ अंशांपर्यंत तापवतात, त्याहून जास्त तापलं तर फेस बसतो आणि दुधाचा गोडवा जातो. म्हणून मागतानाच ‘काफेलात्ते, बेन काल्दो’ म्हणायचं, म्हणजे चांगली गरम. काही बारमध्ये खरंच जास्त गरम करून दिली, काही ठिकाणी तशीच आली. कोपऱ्यावरच्या बारमधल्या बाईंना दोन-चार दिवसांत माझी सवय कळली. मी दारातून आत आले की त्या दूध तापवायला घ्यायच्या.

कॉफीबरोबर पाण्याचा छोटा ग्लास मिळाला नाही तर मागून घ्या, देतात. तिथली माणसं ते पाणी कॉफीच्या आधी पितात, मी नंतर प्यायचे.

ऋता

माझा अनुभव व्हिएन्नाचा आहे, इथे चालेल ना? तिथे सगळं उलट आहे. उभं राहून पिणं जवळपास नाहीच. बसायचं, वेटर येतो, कॉफी छोट्या तबकात पाण्याच्या ग्लासासकट येते आणि एका कपावर तुम्ही तासन्‌तास वाचत बसलात तरी कोणी उठवत नाही. मी प्रबंधाची दोन प्रकरणं तशीच लिहिली. दुधाची हवी असेल तर ‘मेलांज’, काळी पण जरा पातळ हवी असेल तर ‘फर्लेंगर्टर’. तिथे ‘कापुत्सिनर’ नावाचीही कॉफी आहे, छोट्या कपात आणि थोड्याच दुधाची. मुक्ताने लिहिलेलं वाचून वाटलं, त्रिएस्तेची कापो तिथूनच आली असावी. १९१८ पर्यंत ते शहर ऑस्ट्रियाकडेच होतं ना?

मुक्ता

चालेल की! हो, पहिल्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत हे शहर ऑस्ट्रियाकडे होतं. १७१९ पासून मुक्त बंदर असल्यामुळे मध्य युरोपाची कॉफी इथेच उतरायची. कापुत्सिनरचा संबंध मीही ऐकला आहे, आणि कापुचिनो मागितल्यावर छोटा कप येतो याचा उलगडा त्यानेच होतो. पण इथले काही जण कापो हे नुसतं कापुचिनोचं लाडकं रूप आहे असं सांगतात. दोन्ही एकदम खरं असू शकेल.

निमिष

मी पुढच्या महिन्यात येतोय. मला सकाळी वसतिगृहातून निघताना मोठा कप हातात घेऊन चालत जायची सवय आहे. तिथे टेकअवे कसं मागायचं? आणि स्वतःचा कप नेला तर भरून देतात का?

श्रीरंग

मागायचं ‘द पोर्तारे व्हिया’ असं. देतात, पण काय देतात ते आधी समजून घे. नेरो मागितलीस तर कागदी कपाच्या तळाशी तेच दोन-तीन चमचे द्रव आणि वर झाकण. अद्रियातिको हे आयसीटीपीचं अतिथीगृह खाली समुद्रालगत आहे आणि मुख्य इमारत वर चढावर. तेवढा रस्ता चढून जाईपर्यंत ती गार होते, वरचा सोनेरी फेस विरतो आणि कडवटपणा तेवढा उरतो. इथले लोक म्हणूनच काउंटरला उभ्याने दोन मिनिटांत पिऊन निघतात. हातात धरून चालायचंच असेल तर काफेलात्ते घे. जास्त दुधाची असल्याने ती ऊब जरा धरते. काळीच हवी असेल तर अमेरिकानो, म्हणजे एस्प्रेसोत गरम पाणी. काही ठिकाणी पाणी वेगळ्या छोट्या किटलीत देतात, तेव्हा टेकअवे आहे हे आधीच सांग.

स्वतःच्या कपाचं मात्र ठाम सांगता येत नाही. मला एका बारमध्ये आनंदाने भरून दिली, दुसऱ्यात मशीनखाली उंच कप बसेना म्हणून आधी त्यांच्या कपात काढून मग ओतली. तेवढ्यात फेस गेलाच. बुटका, रुंद तोंडाचा कप आण.

ऋता

आणि ग्लासात प्यायल्याने चव खरंच बदलते का? की नुसती सवय?

मुक्ता

आमच्या ऑफिसात यावर दोन तट आहेत. ग्लासवाले म्हणतात, दूध आणि कॉफीचे थर दिसतात आणि ओठाला काच पातळ लागते. कपवाले म्हणतात, जाड चिनी मातीत कॉफी जास्त वेळ गरम राहते. मी हिवाळ्यात, बोरा वारा सुटला की कप घेते, उन्हाळ्यात ग्लास. निमिष, तू आलास की दोन्ही घेऊन बघ आणि इथे लिही. उदिने किंवा व्हेनिसला गेलास तर मात्र ‘कापो इन बी’ म्हणू नकोस, तिथे माक्कियातोच म्हणावं लागेल.

भटका केदार

व्हेनिसवरून आठवलं. मोठ्या चौकातल्या कॅफेत बाहेर वाद्यवृंद वाजत असेल तर बसण्याआधी भावफलक शेवटपर्यंत वाचा. संगीताचे पैसे माणशी वेगळे लावतात. आत काउंटरला उभं राहिलात तर ते लागत नाहीत.