शब्द हवा आहे: कलाटणीआधी पेरलेल्या खुणेला काय म्हणावं?

खाडीकाठची: रत्नागिरीजवळ आम्ही बारा मिनिटांचा लघुपट करतोय. शिमग्याला मुंबईहून एक माणूस येतो आणि मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला म्हणतो, "आई, मी आलो." शेवटी कळतं की हा तिचा मुलगा नाही, आणि तिला ते पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. 'ट्विस्ट'ला कलाटणी चालतं. पण तिच्याआधी मुद्दाम ठेवलेल्या गोष्टींना काय म्हणायचं? सुगावा की धागादोरा?

कातळावरचा: यासाठी तयार शब्द आहे: पताकास्थानक. भरताने नाट्यशास्त्रात त्याचे चार प्रकार सांगितलेत. 'उत्तररामचरिता'त राम म्हणतो, सीतेचा विरह तेवढा असह्य. लगेच प्रतिहारी येऊन म्हणते, "उपस्थित झाला, महाराज." कोण? तर दुर्मुख, सीतेबद्दलचा लोकापवाद घेऊन आलेला.

सुपारीबाग: आमच्याकडे याला चकवा म्हणतात. माझे काका रात्री देवराईतून येताना पहाटेपर्यंत एकाच वडाभोवती फिरत होते. चप्पल उलटी घातली तेव्हा वाट सापडली. यावर करा ना फिल्म!

संकलनवाला: सुपारीबाग, चकवा वाट चुकवतो. इथे वाट दिसतच असते, फक्त प्रेक्षक दुसरीकडे बघत असतो. आणि कातळावरचे, तुमचं उदाहरण अस्सल आहे, पण पताकास्थानकातला दुहेरी अर्थ प्रेक्षकाच्या अंगावर तिथल्या तिथे काटा आणतो. ताईंना हवी ती गोष्ट तेव्हा कळताच कामा नये. मी सेटवर 'खूण' म्हणतो. खूण ठेवणारा ठेवतो, सुगावा शोधणाऱ्याला लागतो. पहिल्यांदा बघताना ती नुसती पडून असते, दुसऱ्यांदा बघताना तिचा सुगावा होतो. ताई, तुमच्या खुणा कोणत्या?

खाडीकाठची: तिसऱ्या. खऱ्या मुलाच्या अंगावर तिसऱ्या खाल्ल्या की गांधी उठायच्या. सुरुवातीला शेजारीण विचारते, "आज तिसऱ्या?" म्हातारी म्हणते, "त्याला चालत नव्हत्या, आता मी एकटीच." रात्री ती पाहुण्याला तेच वाढते आणि तो मागून घेऊन खातो.

संकलनवाला: जेवणाचा प्रसंग उत्तम. ती वाढते, हे पहिल्यांदा माया वाटेल, दुसऱ्यांदा परीक्षा. पण 'त्याला' म्हटलंत की तो खायला बसताच कोणीतरी ओळखणार. असं म्हणू द्या: "आता कोणाच्या अंगावर गांधी उठायच्यात? मी एकटीच." हे एकटेपणाचं बोलणं वाटतं, म्हणजे त्या जागी ते पूर्ण वाक्य आहे. खुणेला स्वतःचं असं निराळं कारण असलं की तिच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. त्या वाक्यावर प्रसंग तोडू नका. शेजारणीला लगेच पालखी कधी येणार ते विचारू द्या. तिसऱ्यांच्या टोपलीचा क्लोजअप नको, संगीत तर नकोच.

कातळावरचा: मग ते वाक्य ढोलाच्या आवाजात अर्धवट बुडवा. आणखी लपेल.

संकलनवाला: तिथे फसवणूक सुरू होते. ऐकूच आलं नाही तर दुसऱ्यांदा बघणारा म्हणेल, हे होतं कुठे? वाक्य स्वच्छ ऐकू यावं, लक्ष तेवढं दुसरीकडे असावं. आणि खूण कलाटणीपासून लांब ठेवा. कलाटणी दहाव्या मिनिटाला असेल तर हे वाक्य दुसऱ्या मिनिटात, जेवण पाचव्याच्या आसपास. नवव्या मिनिटाला ठेवलेली खूण लोक हातात धरूनच कलाटणीपर्यंत येतात.

खाडीकाठची: एक शॉट राहिला. तो झोपल्यावर ती एकटी मुलाच्या फोटोवरून हात फिरवून म्हणते, "आलास रे बाबा."

संकलनवाला: तो काढा. दुसऱ्यांसमोर ती हवं तितकं खोटं बोलो, ते पात्राचं खोटं. खोलीत ती एकटी असताना खोटं वागली तर ते कॅमेऱ्याचं खोटं होतं. ती कोणासाठी नाटक करतेय?

कातळावरचा: मेलेल्या मुलाशी बोलत असेल की! "तुझ्या नावाने कोणीतरी आला" असंही होतं ते.

संकलनवाला: मग 'आलास' नको, 'आला रे' असू द्या. 'आला'चे दोन्ही अर्थ खरे ठरतात, 'आलास'चा एकच, आणि तोही ताणून.

खाडीकाठची: आमच्या नटी 'आलास'च हवं म्हणतात. त्यांच्या मते म्हातारीला त्या क्षणी स्वतःलाच फसवायचंय. मला तेही पटतंय.

संकलनवाला: दोन्ही शूट करा. कच्चं संकलन झालं की कथा माहीत नसलेल्या सात-आठ जणांना दाखवा. कलाटणीच्या जरा आधी थांबवून विचारा, पुढे काय होईल? निम्म्यांनी ओळखलं तर खूण ठळक झाली. मग शेवट दाखवून विचारा, आधी कुठे कळायला हवं होतं? कोणालाच जेवण आठवलं नाही तर ती फार पुसट आहे. कोणी फोटोच्या शॉटवरून भांडायला लागला, तर मी म्हणतो तेच.

सुपारीबाग: सात-आठ जण माझ्याकडून घ्या. पण तिसऱ्या खाऊन गांधी खरंच उठतात का? माझ्या मेहुण्याला कोळंबीने उठतात, तिसऱ्या तो वाडगाभर खातो.

खाडीकाठची: काहींना कोळंबीने उठतात, काहींना शिंपल्यांनी. आमच्या पटकथेतल्याला तिसऱ्यांनी उठतात. पालखी वाडीत येते त्या आठवड्यात शूट आहे, मेहुण्यांनाही आणा.