मदत हवी आहे: मामांच्या शेअर ग्रुपवरच्या 🚀 आणि 💎🙌 चा अर्थ काय, आणि त्यांना कसं समजावू?

परळची_भाची

नमस्कार मंडळी. माझे मामा बँकेतून निवृत्त झालेत, काळाचौकीला राहतात. सोसायटीतल्या एका ओळखीच्यांनी त्यांना शेअरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये जोडलं. तिथे एका छोट्या केमिकल कंपनीचीच चर्चा चालते, नाव मुद्दाम देत नाही. मामांनी सरासरी ४१ रुपयांनी ३,००० शेअर घेतले. भाव ५८ पर्यंत गेला. गेले चार दिवस मात्र रोज पाच टक्के पडतोय, आज ४७.२५ च्या आसपास आहे.

भाव चढत होता तेव्हा ग्रुपवर रॉकेटच रॉकेट असायची. आता सगळे हिरा आणि दोन हात टाकतात. कोणी "विकू का?" असं विचारलं की त्याला टॉयलेट पेपरचं चित्र येतं आणि थोड्या वेळाने तो माणूस ग्रुपमधून गायब होतो. मामा म्हणतात, "अगं, मी अजून नफ्यातच आहे. शॉर्टवाले अडकलेत, स्क्वीझ येणार आहे."

या चिन्हांचा नेमका अर्थ काय? आणि मामांना कोणत्या शब्दांत सांगू? सगळं आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला मी थेट "फसवणूक" म्हटलं तर ते बोलणंच बंद करतील.

बोरिवली_फास्ट

ताई, आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा! माझ्या साडूंच्या बाबतीत हेच झालं. अॅपवर नफा दिसत होता, पैसे काढायला गेले तर "आधी टॅक्स भरा" म्हणाले. भरला, तरी काही मिळालं नाही. ते अॅपच खोटं होतं.

परळची_भाची

वाईट वाटलं वाचून. पण मामांचं तसं नाही. त्यांचं डीमॅट जुन्या ब्रोकरकडे आहे आणि शेअर डिपॉझिटरीच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. कंपनीही बीएसईवर आहे.

लाँगटर्म_दादर

मग एवढं घाबरण्यासारखं काय आहे? हिरा आणि हात म्हणजे घट्ट धरून ठेवा, विकू नका. टॉयलेट पेपर म्हणजे कागदी हातांचा, भाव जरा हलला की विकणारा. रॉकेट म्हणजे भाव आभाळात जाणार. यात वाईट काहीच नाही. पडझडीत घाबरून विकणाराच बाजारात पैसा गमावतो, हे मी वीस वर्षं बघतोय. मामांचा संयम चांगला आहे.

रिंगमधला

दादरकर, अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात. सल्ला मात्र या शेअरला लागू होत नाही. मी फोर्टमध्ये सबब्रोकरकडे बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही चिन्हं जगभर पोचली ती जानेवारी २०२१ च्या गेमस्टॉप प्रकरणातून. रेडिटवरच्या वॉलस्ट्रीटबेट्स या गटाने तो शेअर उचलून धरला. तिथे "विकू नका" म्हणण्याला निदान एक यंत्रणा होती. मोठ्या फंडांनी तो शेअर प्रचंड प्रमाणात उसना घेऊन विकला होता आणि भाव चढल्यावर तोटा थांबवण्यासाठी त्यांना तो परत विकत घ्यावा लागत होता. लोकांनी शेअर दाबून धरले की या शॉर्टवाल्यांची कोंडी व्हायची. तरीसुद्धा २८ जानेवारीला ४८३ डॉलरला शिवलेला भाव फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ४० च्या आसपास होता. वरच्या भावाला घेऊन हिरा होऊन बसलेल्यांचं काय झालं असेल, ते बघा.

आता मामांचा शेअर. ताई, बीएसईच्या साइटवर त्याचा ग्रुप कोणता दिसतो? टी असेल तर तो ट्रेड टू ट्रेडमध्ये आहे, म्हणजे सकाळी घेऊन दुपारी विकणंसुद्धा चालत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. त्यात फ्युचर्स नाहीत. मग शॉर्ट करणार कोण आणि अडकणार कोण? मामांना फक्त एवढंच विचारा: "मामा, हा शेअर शॉर्ट कसा करतात, मला दाखवा ना." बँकेतला माणूस आहे, शोधायला बसला की स्वतःच उत्तरापर्यंत पोचेल.

रॉकेटपेक्षा मला हिऱ्याची काळजी जास्त वाटते. रॉकेट माणसाला आत आणतं. हिरा त्याला बाहेर पडू देत नाही, आणि नेमका अशा वेळी की ज्यांनी खालच्या भावात माल जमवलाय त्यांना बाहेर पडायचं असतं. छोट्या शेअरमध्ये रोज घेणारे मोजके असतात. सगळे एकदम विकायला आले तर मोठ्या मालवाल्याला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून बाकीच्यांना रांगेबाहेर ठेवायचं असतं. "विकू का" विचारणाऱ्याला काढून टाकतात त्याचं कारण मला हेच दिसतं.

एक गोष्ट बघून सांगा. मामांना शेअर कसे मिळाले? लगेच, की वाट बघावी लागली?

कोर्टनाका

अमेरिकेत तर रॉकेट इमोजी बेकायदा ठरवलाय कोर्टाने, २०२३ मध्ये. आपल्याकडेही सेबीने तसंच करायला हवं.

रिंगमधला

तसं नाही हो. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातला तो खटला एनबीएच्या डिजिटल कार्डांबद्दल होता. कंपनीच्या ट्वीटमध्ये रॉकेट, चढता आलेख आणि पैशांच्या थैल्या होत्या. शब्दांत "नफा" म्हटलेलं नसलं तरी या चिन्हांचा अर्थ गुंतवणुकीवरचा परतावा असाच होतो, असं न्यायाधीशांनी नोंदवलं आणि खटला फेटाळायला नकार दिला. इमोजीवर बंदी वगैरे नाही. चित्राआड लपून "आम्ही कुठे काही म्हणालो" असं म्हणता येणार नाही, एवढाच त्यातला आपल्या कामाचा भाग.

परळची_भाची

मामांच्या मोबाइलवर त्यांच्याबरोबर बसून बघितलं. ग्रुप टी आहे. आणि शेअर मिळण्याबद्दल: भाव तिशीत होता तेव्हा मामा रोज ऑर्डर टाकायचे, पण एकही शेअर मिळायचा नाही, रोज अपर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला अडकलेला. नंतर ३९ ते ४३ च्या दरम्यान अचानक सगळेच्या सगळे मिळाले, काही मिनिटांत. मामांना तेव्हा नशीब वाटलं होतं.

रिंगमधला

हीच खूण शोधत होतो. खऱ्या अपर सर्किटला विकणारा नसतो, घेणाऱ्यांची नुसती रांग असते. त्याच भावाला एक दिवस हवा तेवढा माल सहज मिळायला लागला, तर कोणीतरी नळ सोडलाय. नळ सोडणारा कोण, हे मी इथून सांगू शकत नाही. पण विक्री तेव्हापासून सुरू होती, आणि ग्रुपवर त्या दिवशीही रॉकेटच चालू असणार. तारखा जुळवून बघा.

आता "अजून नफ्यात आहे" याचा हिशेब. रोज पाच टक्के लोअर सर्किट, म्हणजे दिवसाची खालची मर्यादा, लागली तर ४७.२५ चे ४४.८९, मग ४२.६५, मग ४०.५२. म्हणजे तिसऱ्या दिवशी मामांची खरेदी किंमत गेली. आणि हे आकडे फक्त पडद्यावरचे. त्या भावाला घेणारा आहे का, तो प्रश्न वेगळाच. मार्केट डेप्थ उघडून एकूण खरेदी आणि एकूण विक्री बघा.

परळची_भाची

आज विक्रीला ४ लाख १२ हजार शेअर लागलेत, खरेदीच्या बाजूला शून्य. दिवसभरात सौदे झाले ९,४०० शेअरचे. मामा बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत.

लाँगटर्म_दादर

हे आकडे बघून मी माझं म्हणणं बदलतो, निदान या शेअरपुरतं. पण ताई, कंपनीचे निकाल कसे आहेत ते कोणीच विचारलं नाही. धंदा खरा असेल तर दोन वर्षं थांबायला काय हरकत आहे?

रिंगमधला

प्रश्न रास्त आहे. ताई, तिमाही निकाल आणि शेअरहोल्डिंग पॅटर्न दोन्ही बीएसईच्या पानावर असतात. पॅटर्नमध्ये छोट्या भागधारकांची संख्या मागच्या तिमाहीपेक्षा किती वाढली आणि मोठ्या खातेदारांपैकी कोणाची नावं गेली, ते बघा. साधना ब्रॉडकास्टचं उदाहरण आठवतं. २०२२ मध्ये त्या शेअरबद्दल यूट्यूबवर खोट्या माहितीचे व्हिडिओ फिरले. मार्च २०२३ च्या सेबीच्या अंतरिम आदेशानुसार छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ झाली आणि प्रवर्तकांसह आधीपासून माल असलेल्यांनी चढ्या भावाला विकलं. तो आकडा जाहीर होईपर्यंत तिमाही उलटून गेलेली असते, ही यातली अडचण. म्हणून मी डेप्थ आणि ऑर्डर भरण्याची गती आधी बघतो.

शिवाय एक्सचेंज अशा शेअरची यादी ठेवतात ज्यांच्याबद्दल न मागता आलेले मेसेज फिरताहेत. त्यात नाव आहे का, तेही तपासा. नसलं म्हणजे सुरक्षित, असं मात्र नाही.

माहीमची_अकौंटंट

विकायचं ठरलं तर एक व्यवहाराची गोष्ट. लोअर सर्किटला सगळ्यांचा भाव एकच असतो, त्यामुळे आधी आलेली ऑर्डर आधी भरते. दिवसाच्या ऑर्डरी संध्याकाळी रद्द होतात, रांग रोज सकाळी नव्याने लागते. साडेनऊला चहा घेऊन ऑर्डर टाकली तर आपण चार लाखांच्या मागे. रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाकून ठेवा, दुसऱ्या दिवसाच्या लोअर सर्किटच्या भावाने. ४९ किंवा ५० ची आशा धरून टाकलेली ऑर्डर नुसती पडून राहील.

रिंगमधला

अगदी बरोबर. फक्त रात्री टाकली म्हणजे भरलीच, असं समजू नका. बाकीचेही तेच करतात. आणि ३,००० च्या ३,००० एका दिवसात जाणार नाहीत, अशी मनाची तयारी ठेवा.

परळची_भाची

दोन दिवसांनी लिहितेय. "शॉर्ट कसा करतात दाखवा" हा प्रश्न चालला. मामांनी स्वतः ब्रोकरला फोन करून विचारलं आणि "या शेअरमध्ये होत नाही" हे उत्तर ऐकून बराच वेळ गप्प होते. परवा रात्री सगळ्या शेअरची ऑर्डर टाकली. काल ४४.८९ ला ६५० गेले, आज ४२.६५ ला २००. उरलेले २,१५० अजून आहेत. उद्याची ऑर्डर मामांनीच टाकलीय, मला विचारलंही नाही.

ग्रुपवर मामांनी विचारलं, "अॅडमिनसाहेब, आपला सेबी नोंदणी क्रमांक काय?" उत्तर आलं नाही, पाचेक मिनिटांत त्यांना काढलं. त्या ओळखीच्यांना मामा अजून काही बोललेले नाहीत. त्यांचे स्वतःचे दहा हजार शेअर अडकलेत म्हणे.

आता प्रश्न तक्रारीचा. सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर करायची का?

कोर्टनाका

स्कोर्स नोंदणीकृत मध्यस्थ आणि सूचिबद्ध कंपन्यांविरुद्ध आहे. हा अॅडमिन नोंदणीकृतच नसेल तर तिथे त्याचं नाव कुठल्या रकान्यात घालणार? माहिती म्हणून सेबीला आणि एक्सचेंजला कळवता येईल.

रिंगमधला

कळवाच. मामांना ग्रुपमधून काढलं असलं तरी जुनं चॅट त्यांच्या मोबाइलवर असेल. ते आजच एक्सपोर्ट करा, अॅडमिनच्या नंबरसकट. तारीख आणि वेळ दिसायला हवी, कारण रॉकेट कधी आलं आणि त्या दिवशी सौदे किती झाले, हे शेजारी शेजारी ठेवता आलं तरच त्याला पुरावा म्हणून काही किंमत. पैसे परत मिळतील का, हे मी सांगू शकत नाही. आणि मामांना म्हणावं, त्या ओळखीच्यांना फोन करा. दहा हजार शेअर घेऊन तो माणूस अजून हिरा धरून बसला असेल, तर त्याला रांगेची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.