मदत हवी आहे: शाळेतल्या कार्यशाळेसाठी चार मिनिटांचं भाषण, विषय 'पहिला प्रॉम्प्ट'

रंगपेटी
नमस्कार मंडळी. मी दादरच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. येत्या शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांची कार्यशाळा आहे. शब्द लिहून संगणकाकडून आपलं पहिलं चित्र करून घ्यायचं. मुलांना खाती उघडू देणार नाही. ती वहीत प्रॉम्प्ट लिहितील, मी माझ्या खात्यातून टाइप करीन आणि चित्र पडद्यावर सगळ्यांना दिसेल. त्याआधी मला चार मिनिटं बोलायचंय. मसुद्यातला मुख्य भाग असा:

"आजवर तुम्ही पेन्सिलीने चित्र काढलंत, आज शब्दांनी काढायचंय. मनात आहे ते सगळं सांगा. उदाहरणार्थ: मुंबईतला आनंदी पाऊस, स्टेशनवर एक मुलगी, गर्दी नको, छत्र्या नकोत."

हे उदाहरण घरी चालवून पाहिलं. प्रत्येक चित्रात छत्र्या आल्या, गर्दीही आली. स्टेशनसुद्धा आपलं वाटेना. मुलं 'असं का' विचारणारच. संगणकाचा तास न घेता हे भाषणात कसं सांगू?

वेगवान_विजय
ताई, सोपं आहे. जितकं जास्त लिहाल तितकं चित्र चांगलं. शेवटी 'मास्टरपीस, 8K, अल्ट्रा डिटेल्ड' जोडायचं. आणि 'नको' वाक्यात लिहायचंच नाही, नकोशा गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, तिथे टाकायच्या.

खारफुटी
विजय, ती चौकट स्टेबल डिफ्यूजनवर चालणाऱ्या बऱ्याच साधनांत असते, सगळीकडे नसते. ताईंच्या साधनात नसेल तर मुलं ती शोधत बसतील. आणि 8K लिहिल्याने चित्राचा आकार वाढत नाही. तो शब्द ज्या गुळगुळीत, चकचकीत चित्रांखाली असायचा, त्यांच्याकडे चित्र झुकतं. जलरंगाचा ओलावा हवा असेल तर तो शब्द आडवाच येतो.

ताई, छत्र्यांचं कारण मुलांना दोन वाक्यांत सांगता येईल. हे यंत्र चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी यांच्या जोड्यांवरून शिकलंय, आणि चित्राखाली माणूस त्यात असलेलंच लिहितो. 'या चित्रात छत्री नाही' असं कोणी लिहीत नाही. म्हणून 'छत्री' शब्द आला की छत्री आली, 'नको'ला फारसं वजन उरत नाही. नवी साधनं वाक्य जास्त नीट समजतात, पण भरवसा नाही. उपाय एकच, नकोशी गोष्ट नाकारण्यापेक्षा तिच्या जागी काय आहे ते लिहायचं. छत्री नको, तर मुलीच्या अंगावर पिवळा रेनकोट. गर्दी नको, तर रिकामा फलाट.

'आनंदी पाऊस' हेही तसंच. आनंद दिसतो कशात? मुलीने तळहात पावसात धरलाय, तोंड वर केलंय. हे लिहिलं की 'आनंदी' शब्द लागतच नाही.

स्टेशनचं कारण वेगळं. नुसतं 'लोकल ट्रेन' म्हटलं तर जगातली कुठलीही छोटी गाडी येऊ शकते. आपल्या लोकलला ओळख कशाने आहे? खिडक्यांना आडवे गज, उघडं दार, मधला उभा दांडा, पांढऱ्या डब्यावर जांभळा पट्टा. मुलं रोज ती पाहतात, त्यांना सांगू द्या. तुमचा तास चित्रकलेचा आहे, इथे तुमची मुलं संगणकाच्या मास्तरांपेक्षा पुढे असतील.

आईची_वही
माझी मुलगी आठवीत आहे, यंदा इंटरमिजिएटला बसणार आहे. स्मरणचित्रात तिची माणसं नेहमी समोर तोंड करूनच उभी असतात, बाई नेहमी ओरडतात. शनिवारच्या कार्यशाळेचा त्याला उपयोग होईल का? बाहेरच्या मुलांना येता येतं का?

रंगपेटी
आईची_वही, कार्यशाळा फक्त आमच्या मुलांची आहे, क्षमस्व. परीक्षेची चित्रं हातानेच काढायची असतात, त्यामुळे थेट उपयोग नाही. पण तुमच्या प्रश्नामुळे एक लक्षात आलं, माझ्या उदाहरणात मुलगी कुठून दिसते हे मी लिहिलंच नव्हतं. 'पाठमोरी' हा एक शब्द हवा होता.

खारफुटी, मनापासून आभार. आता प्रॉम्प्ट असा केला: "संध्याकाळ, पावसाने ओला झालेला रिकामा रेल्वे फलाट. पिवळा रेनकोट घातलेली दहा वर्षांची मुलगी पाठमोरी, उजवा तळहात पावसात धरलेला. मागे पांढरी-जांभळी लोकल, खिडक्यांना आडवे गज. जलरंग, कागदाचा पोत दिसणारा." छत्री गेली. पण चार वेळा चालवला तर चार वेगळी चित्रं! एकात लोकल डावीकडे, एकात दूर धुक्यात.

खारफुटी
हाच भाषणाचा गाभा करा. मुलांना तीच ओळ चार वेळा चालवून चारही चित्रं शेजारी दाखवा आणि विचारा, चौघांत सारखं काय? पिवळा रेनकोट, पाठ, ओला फलाट. ते आपण लिहिलं होतं. वेगळं काय? लोकलची जागा, दिव्यांचा रंग, मुलीचे केस. ते आपण लिहिलं नाही, म्हणून यंत्राने स्वतःच ठरवलं. मग मुलाने ठरवायचं की यातलं काय आपण ठरवायचं आणि काय यंत्रावर सोडायचं. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

स्टेशनच्या पाटीवर 'दादर' लिहायला मात्र सांगू नका. देवनागरी अक्षरं अजूनही बऱ्याच साधनांत मोडतात, काना-मात्रा भलतीकडे जातात. पाटी नंतर मुलांनी हाताने रंगवावी.

वेगवान_विजय
म्हणजे सारखं ते आपलं, वेगळं ते यंत्राचं. भाषणात एवढं एकच वाक्य पुरे.

खारफुटी
अर्धं बरोबर. सारखं दिसतं त्यात यंत्राची सवयही असते. 'भारतीय आई' लिहा, चारही चित्रांत लाल साडी आणि टिकली येण्याची शक्यता मोठी. ती कोणी लिहिलेली नसते. मुलांना हेही शोधायला लावा: न सांगता चारही वेळा काय आलं?

रंगपेटी
मग भाषण असं:

"मुलांनो, यंत्राने तुमचं मन पाहिलेलं नाही. तुम्ही लिहिलेली ओळच त्याला दिसते. म्हणून 'छान', 'आनंदी' लिहू नका. डोळ्यांना काय दिसेल ते लिहा. कोण आहे, काय करतंय, कुठून दिसतंय, उजेड कसा आहे, कशाने रंगवलंय. नको असलेल्या गोष्टीचं नावच घेऊ नका, तिच्या जागी काय आहे ते सांगा. पहिलं चित्र आलं की ते आवडलं का हे नंतर, आधी ओळ आणि चित्र शेजारी ठेवा आणि शोधा: मी लिहिलेलं काय आलं, न लिहिलेलं काय आलं, लिहूनही काय आलं नाही?"

यानंतर चार चित्रं दाखवणार. एक प्रश्न उरलाय. दोन मुलांनी आधीच 'वारली शैलीत' म्हणून विचारलंय. करू द्यावं का?

सायवनची_पोर
मी डहाणूकडची. आमच्याकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर लिहितात, त्याला अर्थ असतो. यंत्र त्रिकोणी माणसं गोल नाचवून मोकळं होतं, तारपेवाला कुठेही उभा करतं. मुलांनी त्याला वारली म्हणू नये असं मला वाटतं.

खारफुटी
मी थोडा वेगळा विचार करतो. शैलीचं नाव न घेता 'गेरूच्या रंगाची भिंत, पांढऱ्या रेषा, दोन त्रिकोणांची माणसं' असं वर्णन लिहू द्यावं आणि खाली 'वारली' असं नाव देऊ नये.

सायवनची_पोर
वर्णन केलं तरी घेतलेलं आमच्याकडूनच ना? ताई, निदान त्या दिवशी एक खरं चित्र शेजारी लावा.

रंगपेटी
लावते. शाळेच्या जिन्यात एक आहे, शनिवारी ते वर्गात आणून ठेवीन. शैलीला परवानगी द्यायची की नाही हे अजून ठरत नाही. इथे कोणी वर्गात हा प्रश्न हाताळला असेल तर शुक्रवारपर्यंत नक्की लिहा.