मदत हवी आहे: आजोबांची सहा पदके आणि नामफलकावरचा ‘शौर्यपदक विजेते’ हा शब्द

शिवारवाट:
नमस्कार. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत, 1963 ते 1978 या काळात होते आणि 1971 च्या डिसेंबरात ते जमालपूरच्या लढाईत होते. गावच्या शाळेत माजी सैनिकांचा नामफलक बसवायचा ठरला असून आजोबांच्या नावापुढे ‘शौर्यपदक विजेते’ असे कोरावे, असा ग्रामपंचायतीचा आग्रह आहे. त्यांच्या पेटीत सहा पदके आहेत: सैन्य सेवा मेडल (फितीवर ‘हिमालय’ अशी आडवी पट्टी), रक्षा मेडल 1965, पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक. चुलते म्हणतात की पहिले पदक ‘सेना मेडल’च आहे आणि ते शौर्याचे असते. आजोबा आज हयात नाहीत आणि दगडावर कोरलेले पुन्हा पुसता येत नाही, म्हणून आधी विचारत आहे.

कृष्णाकाठ:
सहा पदके म्हणजे मोठाच पराक्रम असणार. मला ठाऊक आहे त्याप्रमाणे शौर्यपदक राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते मिळते आणि बाकीची पदके पलटणीतच वाटतात. त्यामुळे घरात राष्ट्रपतींबरोबरचे छायाचित्र आहे का ते पाहा. नसेल तर शौर्यपदक नाही, असे समजायला हरकत नाही.

जुना_कारकून:
मी सैन्याच्या अभिलेख कार्यालयात बरीच वर्षे पदकांच्या नोंदी पाहिल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या चुलत्यांची चूक फार जणांची होते, कारण ‘सेना मेडल’ आणि ‘सैन्य सेवा मेडल’ ही दोन्ही 1960 सालची आहेत आणि नावे कानाला जवळजवळ सारखीच लागतात. सेना मेडल चांदीचे असते, त्याच्या दर्शनी बाजूवर वर टोक केलेली संगीन असते आणि फीत लाल असून मधोमध पांढरी रेघ असते. सैन्य सेवा मेडल हे अवघड हवामानाच्या, दुर्गम अशा ठरावीक प्रदेशात ठरलेला काळ सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळते, आणि तो प्रदेश कोणता हे फितीवरची पट्टी सांगते. ‘हिमालय’ ही पट्टीच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, कारण शौर्यपदकावर प्रदेशाच्या नावाची पट्टी नसते.

उरलेल्या पाचांचेही तसेच आहे. रक्षा मेडल 5 ऑगस्ट 1965 रोजी ठरावीक दिवसांची सेवा झालेल्यांना मिळाले, पूर्वी स्टार पूर्व आघाडीच्या लढाईच्या टापूत असलेल्यांना, तर पंचविसाव्या वर्धापनाचे पदक 15 ऑगस्ट 1972 रोजी नोकरीत असलेल्या सर्वांना. जमालपुरात जीव धोक्यात घालून लढलेला शिपाई आणि त्याच टापूत रसद पोहोचवणारा चालक, दोघांच्याही छातीवर तोच पूर्वी स्टार असतो. मोहिमेचे पदक तुम्ही कुठे आणि कधी होता एवढेच सांगते. तिथे तुम्ही काय केले, हे ते सांगत नाही.

देण्याची रीतही वेगळी आहे. मोहिमेच्या पदकासाठी कोणी शिफारस करीत नाही. सरकार अटी जाहीर करते, पलटणीचा कारकून हजेरीची कागदपत्रे पाहून पात्र नावे ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये घालतो, ती नोंद सेवापुस्तकात चढते आणि पदक मागाहून, कधीकधी माणूस निवृत्त झाल्यावर, हाती पडते. शौर्यपदकाची सुरुवात एका माणसाच्या एका कृत्यापासून होते. त्याचा कंपनी कमांडर किंवा कमांडिंग ऑफिसर दिनांक, ठिकाण आणि घडलेला प्रसंग लिहितो, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब जोडतो, आणि ती शिफारस ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी चढत सेना मुख्यालयात आणि पुढे संरक्षण मंत्रालयाच्या समितीपुढे जाते. प्रत्येक पायरीवर ती खाली उतरवली जाऊ शकते किंवा फेटाळलीही जाऊ शकते. शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीने नाव भारताच्या राजपत्रात छापले जाते.

कृष्णाकाठ यांचे म्हणणे परमवीर, महावीर आणि वीर चक्राबाबत बरेचसे बरोबर आहे, परंतु सेना मेडल सहसा आर्मी कमांडरच्या हस्ते दिले जाते. त्यामुळे छायाचित्र नसणे हा पुरावा धरू नये. शिवाय सेना मेडल शौर्यासाठी तसे कर्तव्यनिष्ठेसाठीही मिळते, म्हणून निव्वळ पदकावरून नव्हे, राजपत्रातील शब्दांवरूनच ठरवावे.

मावळतीचा_वारा:
माझ्या मामांकडेही संग्राम मेडल आहे. महाराष्ट्र शासन शौर्यपदकधारकांना रोख रक्कम देते, असे ऐकले होते. आम्ही अर्ज केला आणि तो परत आला. हा अन्याय नाही का?

जुना_कारकून:
आपण विचारलेला प्रश्न मूळ धाग्याचा नाही, तरी उत्तर देतो. संग्राम मेडल हे मोहिमेचे पदक आहे, आणि ती रक्कम शौर्यपदकांसाठी आहे, म्हणून अर्ज परत येणे नियमाला धरूनच झाले. मामांची सेवा त्यामुळे कमी ठरत नाही.

खडकीवाला:
फरक नीट कळावा म्हणून एक उदाहरण देतो. कारवारजवळचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचे होते. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या तुकडीसाठी सुरुंग आणि रस्त्यातले अडथळे काढताना तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, आणि जखमी झालेल्या पाच जणांत ते स्वतः होते. तरीही 8 ते 11 एप्रिल ते कामावरून हलले नाहीत. त्या मोहिमेतल्या हजारो जवानांना ‘जम्मू-काश्मीर’ पट्टीचे सामान्य सेवा मेडल मिळाले. राण्यांना परमवीर चक्र मिळाले, ते त्या चार दिवसांतल्या त्यांच्या कृत्यासाठी. एक गंमत म्हणजे 1948 साली परमवीर चक्र अस्तित्वातच नव्हते. ते 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाले आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरले गेले.

शिवारवाट:
सर्वांचे आभार. आज पदके पुन्हा नीट पाहिली. प्रत्येकाच्या कडेवर आजोबांचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले आहे. मात्र पूर्वी स्टारच्या फितीवर पितळेसारख्या धातूचे एक छोटे पान टाचलेले आहे, ते आधी मी शोभेचे समजलो होतो.

जुना_कारकून:
हे आपण आधीच सांगायला हवे होते! युद्धवृत्तात नामोल्लेख झालेल्याला, म्हणजे ज्याला फौजेत ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ म्हणतात, वेगळे पदक मिळत नाही. त्या मोहिमेच्या पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचे चिन्ह लावण्याचा त्याला अधिकार असतो. ते पान खरेच आजोबांचे असेल, तर ती शौर्याची दखल आहे. पण अशी चिन्हे बाजारातही मिळतात, आणि पदकाच्या कडेसारखे त्यावर नाव नसते. त्यामुळे पानावर विसंबू नका. डिस्चार्ज बुकातील पदकांचा रकाना पाहा, आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला आजोबांचा क्रमांक देऊन लेखी विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पत्र गेले तर बरे.

कृष्णाकाठ:
पान निघाले म्हणजे ‘शौर्यपदक विजेते’ लिहायला हरकत नसावी, नाही का?

खडकीवाला:
माझ्या मते हरकत आहे. नामोल्लेख हा सन्मान आहे, पदक नव्हे. नोंद सापडलीच तर ‘युद्धवृत्तात नामोल्लेख, 1971’ असे लिहावे.

शिवारवाट:
डिस्चार्ज बुक मोठ्या आत्याकडे आहे, ते रविवारी आणतो. कार्यालयाला पत्र आजच लिहितो आहे. तोवर पाथरवटाला आजोबांचे नाव, पलटण आणि ‘पूर्वी स्टार, 1971’ एवढेच कोरून खाली एका ओळीची जागा मोकळी ठेवायला सांगितले आहे.